ऑटोक्लेव्हला टेप का स्पोअर अँप्यूल?

जळगावच्या एका ताईने विचारलंय, कॉलेजच्या लॅबचा ऑटोक्लेव्ह जंतू मारतो का ते तपासायला काय घेऊ. ताई, टेप स्वस्त, पट्टे लगेच काळे होतात, पण त्यातून एवढंच कळतं की पुडकं तापलं, जंतू मेले का ते नाही. सीलबंद अँप्यूलमधे जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलसचे जिवंत स्पोअर असतात, महाग पडते, नंतर ५५-६० अंशाला साधारण २ दिवस ठेवावी लागते, ३७ चा इनक्युबेटर चालत नाही. पण १ लिटर मीडियाला १२१ अंशावर १५ मिनिटं दिली तर मधला भाग उशिरा तापतो, बाहेरची टेप काळी आणि दोऱ्याने मधोमध सोडलेली अँप्यूल इनक्युबेशननंतर जांभळ्याची पिवळी, म्हणजे स्पोअर वाचले, वेळ वाढवून परत तपासा. सोबतची न तापवलेली अँप्यूल पिवळी व्हायलाच हवी, नाहीतर निकाल धरूच नका. रोजच्या लोडला टेप चालेल, नवीन सायकल ठरवताना आणि मशीन दुरुस्त झाल्यावर अँप्यूलच.