हत्तीच्या गिफ्ट पेपरमध्ये माझे २१,३०० रुपये गेले

दिवाळीसाठी दुकानाचा स्वतःचा गिफ्ट पेपर छापायचा म्हणून एका ऑनलाइन डिझायनरला ६,५०० रुपये दिले. ठरलं होतं असं: १२ इंची टाइल, म्हणजे कागदभर पुन्हा पुन्हा छापला जाणारा नक्षीचा चौकोन, इंचाला ३०० पिक्सेल धरून ३६०० पिक्सेलचा. तिच्यात नऊ वेगवेगळे हत्ती, प्रत्येक इंचभर आकाराचा आणि वेगळ्या दिशेला वळलेला.

फाइल आली ती बरोबर ३६०० पिक्सेलची. मी आंधळेपणाने पैसे सोडले नाहीत. चित्र सरकवून त्याच्या कडा मध्ये आणणाऱ्या Offset फिल्टरने टाइल १८०० पिक्सेल सरकवून मधला जोड पाहिला, तो स्वच्छ होता. पण त्या माणसाने ४ इंचांचा एकच तुकडा तीन आडवे, तीन उभे चिकटवून '१२ इंची टाइल' केली होती. जोड स्वच्छ दिसणारच! मी १२०० पिक्सेल सरकवून पाहायला हवं होतं. चित्र जागचं हललंच नसतं आणि चोरी तिथेच उघडी पडली असती. एवढंही नको, नऊ हत्तींच्या सोंडेजवळ तेच एक मोडकं पान होतं. मला ते दिसलं होतं. नक्षीचाच भाग असेल म्हणून मी पुढे गेले, आणि तो क्षण आजही झोपू देत नाही.

प्रेसमध्ये २० बाय ३० इंचांच्या १,००० शीट छापल्या, १४,८०० रुपये. शीट भिंतीला लावून दहा पावलं मागे गेले तर हत्ती नाहीतच, नुसत्या सरळ रांगा. दर चार इंचांवर तोच हत्ती, खिडकीच्या गजांसारखा. नमुन्याच्या फोटोत डब्यावर इंचभर दिसणारा हत्ती कागदावर अडीच इंचांचा निघाला. दागिन्याच्या डबीवर त्याचं डोकंच कापलं जातं. आणि सगळे हत्ती एकाच दिशेला उभे! कागद डब्यावरून पलीकडे उतरला की तिथला हत्ती पाय वर करून. दिवाळीत असा पुडा कोण नेणार?

फोटोवर विश्वास ठेवू नका, त्यात आकार हवा तसा लहान करता येतो. आधी शंभर टक्के मापात ए-थ्रीवर प्रिंट काढा आणि खऱ्या डब्याला गुंडाळा.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. "फाइल मिळाली ना ताई? मग फसवणूक कसली? दिवाणी दावा लावा." मी प्रिंट टेबलावर पसरून दाखवली, त्यांनी घडी घालून परत दिली. ऑनलाइन तक्रारीत 'माल मिळाला नाही' असा रकाना होता, 'खोटा माल मिळाला' असा नव्हता. ग्राहक तक्रारीच्या फोनवर ऐकवलं की, धंद्यासाठी घेतलंत म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या धंद्याला कायद्यात सूट आहे, हे मला वकिलाने सांगितलं. तोवर डिझायनरचा नंबर बंद झाला होता.

पुढच्या वेळी अर्धी रक्कम प्रिंट पाहिल्यावरच देणार, आणि लेखी मागणार: सारख्या दोन नक्ष्यांमधलं अंतर किती इंच. ९४० शीट अजून माळ्यावर आहेत.