ड्राइव्हचे हार्मोनिक्स: रिअ‍ॅक्टर न लावणं, डीसी चोक, 3 टक्के की 5 टक्के?

प्लँटमध्ये ड्राइव्ह वाढले की कधीतरी कुणीतरी क्लँप मीटर लावतो, स्क्रीनवर टीएचडी, म्हणजे करंटमधली एकूण हार्मोनिक विकृती, 90 टक्के दिसतं आणि लगेच फिल्टरचं कोटेशन मागवलं जातं. तो आकडा खरा असतो, पण एकट्याने तो काही सांगत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या मानाने ड्राइव्हचा लोड किती, त्याच बसबारवर कपॅसिटर आहेत का आणि वीज गेल्यावर हे ड्राइव्ह जनरेटरवर चालतात का, हे तीन प्रश्न आधी विचारायचे. म्हणून एक ठरावीक प्लँट धरून, लाईन रिअ‍ॅक्टरचे, म्हणजे ड्राइव्हच्या सप्लायच्या वाटेत बसवायच्या कॉइलचे, पर्याय त्यावर ताडून पाहू.

1000 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ, इम्पिडन्स 5 टक्के. त्यावर 37 किलोवॅटचे चार आणि 55 किलोवॅटचे दोन ड्राइव्ह, म्हणजे 258 किलोवॅट. सगळे पूर्ण लोडवर असताना ते मिळून सुमारे 400 अँपियर मूळ 50 हर्ट्झचा करंट ओढतात. ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट 1391 अँपियर आहे, म्हणजे ड्राइव्हचा वाटा साधारण 29 टक्के.

साध्या ड्राइव्हच्या तोंडाशी सहा डायोडचा रेक्टिफायर आणि त्यामागे मोठे कपॅसिटर असतात. हे कपॅसिटर सप्लाय व्होल्टेजच्या शिखरापाशीच भरून घेतात, त्यामुळे करंट सलग न वाहता प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये दोन टोकदार उसळ्यांनी येतो. त्यातूनच पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा हार्मोनिक, म्हणजे 50 हर्ट्झच्या तितक्या पटीतला करंट, निघतो. तिसरा जवळपास नसतो. न्यूट्रल तापत असेल तर थ्री फेज ड्राइव्हला दोष देऊ नका, सिंगल फेज लाइटिंग आणि संगणक तपासा.

उसळी किती टोकदार होणार, हे वाटेतल्या इम्पिडन्सवर ठरतं. इथे एक गंमत आहे. 37 किलोवॅटचा एकच ड्राइव्ह या ट्रान्सफॉर्मरवर चालत असेल, तर त्याच्या नजरेतून सोर्सचा इम्पिडन्स पाव टक्काही नाही. त्याचं टीएचडी 100 टक्क्यांच्या आसपास जाईल, पण अँपियर थोडेच असल्याने ट्रान्सफॉर्मरला त्याचं काही वाटणार नाही. त्रास होतो तो ड्राइव्हच्या स्वतःच्या डायोडना आणि कपॅसिटरना. ट्रान्सफॉर्मरचा केव्हीए ड्राइव्हच्या दहापटीहून जास्त असेल तर रिअ‍ॅक्टर लावा, हा जुना ठोकताळा यातूनच आला. सहाही ड्राइव्ह एकत्र चालले की त्यांच्या नजरेतून सोर्स सुमारे दीड टक्क्याचा होतो. टक्केवारी खाली येते, पण अँपियर मात्र वाढतात.

आता पर्याय शेजारी शेजारी ठेवू. आकडे सहाही ड्राइव्ह पूर्ण लोडवर आणि बाकीचा लोड सरळ धरून काढलेले, म्हणून अंदाजी आहेत. निर्णयासाठी तेवढे पुरतात.

| पर्याय | करंटचं टीएचडी | हार्मोनिक करंट | बसबारवर व्होल्टेजचं टीएचडी | खरा पॉवर फॅक्टर |
|---|---|---|---|---|
| काहीच नाही | 62 टक्के | 250 अँपियर | सव्वापाच टक्के | 0.83 |
| 3 टक्के एसी रिअ‍ॅक्टर | 36 टक्के | 145 अँपियर | 3 टक्के | 0.92 |
| 5 टक्के एसी रिअ‍ॅक्टर | 32 टक्के | 127 अँपियर | 2.7 टक्के | 0.93 |

ड्राइव्हमधला चांगला डीसी चोक साधारण दुसऱ्या ओळीच्या जवळ बसतो.

पहिल्या ओळीवरून दुसरीवर येताना जवळपास सगळा फायदा पदरात पडतो. दुसरीवरून तिसरीवर जाताना 18 अँपियर वाचतात आणि मोबदल्यात ड्राइव्हचं डीसी बस व्होल्टेज आणखी खाली येतं. रिअ‍ॅक्टरशिवाय लोडवर बस 570 ते 580 व्होल्टच्या घरात असते. 3 टक्क्यांनी ती साधारण 552 वर बसते, 5 टक्क्यांनी 546 वर. मोटर कायम 50 हर्ट्झला, पूर्ण टॉर्कवर चालवायची असेल आणि सप्लाय आधीच 390 व्होल्टवर आलेला असेल, तर हे पाच-सहा व्होल्टही नडतात. मोटरला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, ती करंट जास्त ओढते आणि अंडरव्होल्टेज ट्रिप जवळ येते. माझ्या मते 5 टक्के तेव्हाच घ्यावा, जेव्हा सप्लायवर वारंवार स्पाइक येतात किंवा शेजारी मोठे कपॅसिटर स्विच होतात आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर पडतात. फक्त हार्मोनिक्ससाठी 3 टक्के पुरतो.

मग डीसी चोक का नको? तो रेक्टिफायरच्या मागे बसतो, लाईनचं व्होल्टेज कमी करत नाही आणि बऱ्याच मोठ्या ड्राइव्हमध्ये आतच बसवलेला असतो. मॅन्युअलमध्ये त्याचा उल्लेख शोधा. तो असेल तर वर 3 टक्क्यांचा एसी रिअ‍ॅक्टर लावून टीएचडीत फार फरक पडत नाही. एक गोष्ट मात्र त्याला जमत नाही. तो डायोडच्या मागे असल्याने लाईनवरून आलेला स्पाइक आधी डायोडवरच आदळतो. एसी रिअ‍ॅक्टर डायोडच्या पुढे उभा असतो.

ऑर्डर देताना होणारी हमखास चूक म्हणजे ड्राइव्हच्या आउटपुटचा चोक मागवणं. तो मोटरच्या लांब केबलसाठी असतो, लाईनच्या हार्मोनिक्सवर त्याचा काही परिणाम होत नाही. दुसरी चूक, सहा ड्राइव्हसाठी एकच मोठा रिअ‍ॅक्टर. रिअ‍ॅक्टरचा टक्का त्याच्या रेटेड करंटवर मोजलेला असतो. सहापैकी एकच ड्राइव्ह चालू असेल तेव्हा त्याच्या वाट्याला 3 टक्क्यांतला जेमतेम अर्धा टक्का येतो. शिवाय ड्राइव्ह एकमेकांपासून वेगळेही होत नाहीत. प्रत्येकाला आपापला द्यावा. इंडक्टन्स ताडून पाहायचा असेल तर:

```
L = (Z% / 100) * V / (1.732 * I * 314)
68 A, 415 V, 3% : L = 0.34 mH
68 A, 415 V, 5% : L = 0.56 mH
```

नेमप्लेटवर 68 अँपियर आणि 0.34 मिलीहेन्री असं काहीतरी दिसलं पाहिजे. फक्त "3%" लिहिलेलं पुरत नाही. हा इंडक्टन्स दीडपट करंटपर्यंत टिकतो का, हेही विचारा. स्वस्त कोअर उसळीच्या वेळी सॅच्युरेट होतो, म्हणजे नेमका गरजेच्या क्षणी रिअ‍ॅक्टर तिथे नसल्यासारखा होतो. पॅनेलमध्ये त्याच्या वर मोकळी जागा ठेवा आणि केबल चिकटू देऊ नका, कारण चालू असताना तो हात लावण्यासारखा राहत नाही.

आता काळजीचा भाग, म्हणजे कपॅसिटर. या ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट सर्किट क्षमता 20,000 केव्हीए आहे (1000 भागिले 0.05). पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं एपीएफसी पॅनेल 50 केव्हीएआरच्या आठ स्टेप्सचं, म्हणजे 400 केव्हीएआरचं धरा. रेझोनन्स कुठे येतो ते असं:

```
h = sqrt(20000 / 400) = 7.07
```

सातव्या हार्मोनिकच्या बरोबर डोक्यावर. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून त्या फ्रीक्वेन्सीला मोठा इम्पिडन्स तयार करतात. ड्राइव्हमधून सातव्याचे 50 अँपियर येत असतील तर कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये घुमणारा करंट त्याच्या कित्येक पट होऊ शकतो. लक्षण ओळखायला सोपं आहे. पाच-सहा स्टेप आत असताना सगळं शांत असतं. आठवी आत आली की पॅनेल गुणगुणायला लागतं, फ्यूज उडतात, काही महिन्यांत कपॅसिटरचे डबे फुगतात. कपॅसिटर खराब निघाले म्हणून तेच नवे बसवले जातात आणि तेही फुगतात. तीन स्टेप आत असताना रेझोनन्स 11.5 वर, म्हणजे अकराव्याजवळ येतो, पण तिथे करंट कमी असल्याने बहुतेक वेळा निभावतं.

यावर लाईन रिअ‍ॅक्टर हा इलाज नाही. तो सातव्याचा करंट अर्ध्याहून कमी करेल, पण रेझोनन्स तिथल्या तिथेच राहील. इलाज म्हणजे प्रत्येक कपॅसिटर स्टेपला 7 टक्क्यांचा डिट्यून्ड रिअ‍ॅक्टर. त्याने त्या शाखेची ट्यूनिंग 189 हर्ट्झवर, पाचव्या हार्मोनिकच्या खाली जाते. कपॅसिटरवरचं व्होल्टेज मात्र सात-साडेसात टक्क्यांनी वाढतं, म्हणून 415 चे जुने डबे तसेच ठेवून चालत नाही. 480 किंवा 525 व्होल्टचे घ्यावे लागतात. अर्ध्या स्टेप डिट्यून्ड आणि अर्ध्या साध्या अशी भेळही करू नका.

त्याआधी, कपॅसिटर हवेत का हेच तपासा. ड्राइव्हचा डिस्प्लेसमेंट पॉवर फॅक्टर, म्हणजे फक्त मूळ 50 हर्ट्झच्या करंटचा, मुळातच 0.98 च्या आसपास असतो. वरच्या तक्त्यात 0.83 दिसतो तो विकृतीमुळे. कपॅसिटर वाढवून तो सुधारत नाही, रिअ‍ॅक्टरने सुधारतो.

जनरेटरवर गणित उलटं होतं. हेच ड्राइव्ह 500 केव्हीएच्या डीजीवर, सबट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्स 15 टक्के धरून चालवले, तर 3 टक्क्यांचे रिअ‍ॅक्टर लावूनही एकट्या पाचव्या हार्मोनिकमुळे व्होल्टेज 8 ते 10 टक्के विकृत होतं. सोर्सच इतका मऊ असताना वर आणखी 2 टक्के इम्पिडन्स घालून काही हाती लागत नाही. इथे एकतर डीजीवरचे ड्राइव्ह कमी करा, नाहीतर फिल्टर किंवा अ‍ॅक्टिव्ह फ्रंट एंड ड्राइव्ह घ्या. पॅसिव्ह फिल्टर घेतला तर कमी लोडला त्याचे कपॅसिटर सुटतील अशी सोय हवी, नाहीतर डीजीचं व्होल्टेज चढत जातं.

उरला मर्यादेचा प्रश्न. आयईईई 519 करंटची मर्यादा टीडीडीने मोजतं, म्हणजे त्या क्षणाच्या लोडवर नव्हे तर कमाल मागणीच्या करंटवर, आणि तीही वीज कंपनीच्या जोडणीबिंदूवर. आपल्या प्लँटची मागणी 800 केव्हीए, म्हणजे 415 व्होल्टवर 1113 अँपियर. रिअ‍ॅक्टरशिवाय टीडीडी 22 टक्के, 3 टक्क्यांनी 13, 5 टक्क्यांनी साडेअकरा. जोडणी एचटी बाजूला असेल आणि तिथे फॉल्ट लेव्हल 250 एमव्हीए असेल, तर फॉल्ट लेव्हल आणि मागणीचं गुणोत्तर 300 च्या वर जातं आणि मर्यादा 15 टक्के. 3 टक्क्यांत आपण पास. जोडणीच एलटीवर असेल तर गुणोत्तर 25, मर्यादा 8 टक्के, आणि कुठलाच रिअ‍ॅक्टर तिथपर्यंत नेत नाही. मग 5 टक्क्यांवर पैसे घालण्यात अर्थ नाही. 3 टक्क्यांचे रिअ‍ॅक्टर लावून बसबारवर एक अ‍ॅक्टिव्ह फिल्टर बसवा. रिअ‍ॅक्टर असले की तो फिल्टर लहान लागतो.

मोजमाप घ्याल तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या एलटी बाजूला, ड्राइव्ह पूर्ण लोडवर असताना दोनदा घ्या: एकदा एपीएफसी बंद ठेवून, एकदा सगळ्या स्टेप्स हाताने आत घेऊन. व्होल्टेजचं टीएचडी पहिल्या वेळी 3 आणि दुसऱ्या वेळी 6 आलं, तर खर्च ड्राइव्हच्या पॅनेलवर नव्हे, कपॅसिटरच्या पॅनेलवर करायचा आहे.