घरच्या ग्रुपचे स्टिकर: वेगळं ॲप घ्यावं की व्हॉट्सॲपमधलंच बरं?

आमच्या घरच्या ग्रुपवर बावीस माणसं आहेत. निम्मी नेर तालुक्यातल्या गावात, बाकीची अमरावती, वर्धा, नागपूर आणि पुण्यात. ग्रुपवर सगळ्यात जास्त फिरणारा स्टिकर कोणता म्हणाल, तर मोठेबाबांचा. खांद्यावर दुपट्टा, हातात बॅटरी आणि खाली दोनच शब्द: "लाईन आली". शेताची लाईन काही दिवस रात्री असते. जो जागा असतो तो हा स्टिकर टाकतो आणि बाकीचे समजून घेतात की मोटर लावायला निघायचं. स्टिकर जेमतेम शंभर केबीचा, त्यामुळे वावरात एक दांडी असली तरी निघून जातो. फोटो तिथेच गोल गोल फिरत बसतो.

असे पन्नासेक स्टिकर मी दीड वर्षात बनवले असतील. आधी वेगळ्या ॲपवर, नंतर व्हॉट्सॲपच्या आतच. दोन्हीकडे बऱ्यापैकी वेळ घालवला आहे, म्हणून लिहितो. वेगळी ॲप मी दोन वापरली. नावं सांगत नाही, कारण तक्रार एका ॲपची नाही. प्ले स्टोअरवर 'स्टिकर मेकर' शोधलं की जी रांग लागते, तिच्यातली बरीचशी साधारण सारख्याच घडणीची आहेत.

फोटोतला माणूस कापून काढणं आता दोन्हीकडे आपोआप होतं आणि दोन्हीकडे सारखंच चुकतं. मोठेबाबांच्या दुपट्ट्याचं टोक दोघांनीही कापलं होतं. मागे पांढरी भिंत आणि अंगात पांढरा सदरा असेल तर कोणाच्याच हाताला काही लागत नाही. कापूस वेचतानाचा फोटो तर घेऊच नका, पाठीवरचं बोचकं कधी माणसात येतं, कधी नाही. या बाबतीत मी कोणाला झुकतं माप देणार नाही.

वेगळ्या ॲपचं खरं बळ संचात आहे. तीसपर्यंत स्टिकर एका संचात बसतात, संचाला नाव देता येतं, आणि लिंक पाठवली की पुण्याच्या वहिनींकडे अख्खा संच एकदम पोचतो. अक्षरांना जाड किनार देता येते, सावली देता येते, फाँटची तर जत्राच असते. एक बारीक अट अशी की संचात किमान तीन स्टिकर असल्याशिवाय तो व्हॉट्सॲपमध्ये जात नाही. मला एकच हवा होता तेव्हा मी गोठ्यातल्या गाईचे दोन भरतीचे स्टिकर घातले. ते आजही कोणीतरी मधूनच टाकतं, का ते विचारू नका.

व्हॉट्सॲपच्या आतलं बनवणं त्यामानाने अगदी साधं आहे. स्टिकरच्या खिडकीत जायचं, नवीन बनवा म्हणायचं, फोटो निवडायचा, शब्द टाकायचे, पाठवायचं. आयफोनवर ही सोय 2024 च्या सुरुवातीला आली, अँड्रॉइडवर त्यानंतर. फाँट मोजके, किनार नाही. आणि एक खोड आहे: तयार झालेला स्टिकर तुम्ही ज्या चॅटमध्ये असाल तिथेच थेट जातो. मी एकदा अर्धवट कापलेली, एकच कान असलेली आजी बावीस जणांना पाठवून बसलो. तेव्हापासून आधी स्वतःलाच मेसेज करायच्या चॅटमध्ये बनवतो, तिथे बघतो, आवडला तर तारा लावून ठेवतो आणि मग ग्रुपवर टाकतो.

इथवर वाचून तुम्ही वेगळ्या ॲपकडे झुकला असाल, मीही झुकलो होतो. माझं मन फिरलं ते एका रफाराने.

पुतण्या वर्ध्याला शिकायला गेला. एसटीतून उतरला की त्याने घरी कळवावं म्हणून मी त्याचाच हसरा फोटो घेऊन स्टिकर केला. शब्द लिहिले "वर्ध्यात पोचलो", पिवळी अक्षरं, काळी जाड किनार. टाईप करताना पडद्यावर ठीक दिसत होतं. संच तयार करून ग्रुपवर टाकला आणि आजीने (ती चष्मा लावून एकेक अक्षर वाचते) विचारलं, "हे वध्यात काय हाय बापा? कोनाचा वध?" बघतो तर ध्यावरचा रफार वरून सपाट कापला गेलेला. उरलं होतं "वध्यात पोचलो".

मी समजलो माझीच चूक. पुन्हा केला, पुन्हा तेच. मग दुसरं ॲप घेतलं. तिथे रफार अर्धा वाचला, पण शिरोरेषेवर प्रत्येक अक्षराच्या सांध्याला काळी चीर पडली, जणू कोणी पाटीवर विळ्याने खुणा केल्या आहेत.

कारण समजून घ्यायला मला थोडा वेळ लागला, पण ते साधं आहे. ॲप अक्षरांसाठी एक अदृश्य चौकट आखतं आणि त्या चौकटीची उंची बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरलेली असते. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार असतात, आणि खाली उकार, ऋकार लोंबतात. त्यात जाड किनार आली की अक्षर आणखी फुगतं. चौकटीबाहेर गेलेलं छाटलं जातं. चिरांचं कारण वेगळं आहे. फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं, शेजारच्यावर थोडं चढतं आणि रेघ अखंड दिसते. किनार मात्र एकेका तुकड्याभोवती काढली जाते, म्हणून सांधा उघडा पडतो. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं बटण असेल तर त्याला हात लावू नका, रेघ तिथेच तुटते.

तोडगा निघाला, नाही असं नाही. शब्दांच्या आधी एक रिकामी ओळ आणि नंतर एक रिकामी ओळ सोडली की चौकट मोठी होते आणि रफार वाचतो. किनार निम्म्याने बारीक केली की चिरा कमी दिसतात. पण हे दर स्टिकरला करायचं, आणि विसरलो तर कळतं ते पाठवल्यावर. विदर्भातल्या माणसाने विदर्भ लिहायला दर वेळी रिकामी ओळ सोडायची, हे मला काही झेपलं नाही.

फाँटच्या जत्रेचंही तसंच. साठ नावं दिसतात, पण मराठी टाईप करून एकेक दाबत गेलो तर पंचावन्न वेळा अक्षर तेच राहिलं. त्या फाँटमध्ये देवनागरी नसतेच, म्हणून फोन आपलं घरचं अक्षर पुढे करतो. मी हौसेने दारव्ह्याच्या फ्लेक्सवाल्याकडून लग्नपत्रिकेचा फाँट आणला, तर टाईप केलेलं जसंच्या तसं राहिलं. तो जुन्या पद्धतीचा होता. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली असतात, फोनवरच्या युनिकोड मराठीशी त्याचा संबंध नाही. स्वतःचा फाँट टाकू देणारं ॲप असेल तर 'मुक्त' किंवा 'बलू २' हा फाँट घ्या, दोन्ही गूगल फाँट्सवर फुकट आहेत आणि दोन्हींत देवनागरी नीट आहे.

व्हॉट्सॲपच्या आत मी "वर्ध्यात पोचलो" लिहिलं ते पहिल्याच फटक्यात अख्खं आलं. फोनच्या घरच्याच अक्षरात, साधं, पण रफारासकट. "काहून गर्दी केली" हेही लिहून पाहिलं, वरची वेलांटी आणि खालचा दीर्घ ऊकार दोन्ही जागेवर. किनार नसल्यामुळे पांढरी अक्षरं उजेडातल्या चॅटवर हरवतात हे खरं. त्यावर अक्षरांमागे गडद पट्टी टाकतो, किंवा शब्द सरळ आजीच्या लुगड्यावर ठेवतो, ते हिरवंगार आहे. तुमच्या फोनवर कदाचित वेगळं दिसेल, कारण फोनगणिक घरचं अक्षर बदलतं. म्हणून कुठलंही ॲप ठेवायच्या आधी हेच दोन स्टिकर बनवून बघा, "वर्ध्यात" आणि "काहून गर्दी". दोन मिनिटांत कळतं.

दुसरी एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. अँड्रॉइडवर वेगळ्या ॲपचा संच व्हॉट्सॲपमध्ये दिसतो, पण राहतो त्या ॲपच्याच घरी. फोन भरला म्हणून पुतणीने ॲप काढलं आणि तिचा सगळा संच गेला. ज्यांना तारा लावला होता तेवढे वाचले. आणि वेगळ्या ॲपमध्ये संच बनवताना तो सगळ्यांना दिसेल असा आहे की खाजगी, हे आधी बघाच. घरातल्या पोरीबाळींचे फोटो असतात.

मग वेगळं ॲप कोणी घ्यावं? घरात लग्न असेल, वीस-पंचवीस स्टिकर एका झटक्यात पाहुण्यांकडे पोचवायचे असतील, तर संचाला तोड नाही. मी स्वतः भाचीच्या लग्नात तेच केलं. फक्त अक्षरं टाईप केली नाहीत. आजीला कोरा कागद आणि जाड काळा मार्कर दिला. तिने थरथरत्या हाताने "या बरं लग्नाले" लिहिलं. उन्हात फोटो काढला, बोटाने कागदाच्या कडेकडेने कापला आणि तिच्या फोटोशेजारी चिकटवला. त्यात एकही मात्रा छाटली गेली नाही, आणि वर्ध्याचा पुतण्या आता दुसऱ्या कागदावर "वर्ध्यात पोचलो" लिहून मागतो आहे.