फ्लोटिंग होम लोनचा दर वाढला: हप्ता वाढवायचा की वर्षं वाढू द्यायची?

दर वाढल्याचा मेसेज येतो, त्यात लिहिलेलं असतं की तुमचा हप्ता तोच राहील, आणि बहुतेक जण तेवढं वाचून सुटकेचा श्वास सोडतात. हप्ता तोच राहिला म्हणजे वाढ गेली कुठे? ती गेली मुदतीत. उरलेले हप्ते गुपचूप वाढले. महिन्याच्या बजेटला काहीच जाणवत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं तिकडे बघतच नाहीत, आणि मग कधीतरी स्टेटमेंट उघडलं की कळतं, लोन वीस वर्षांचं घेतलं होतं आणि अजून पंचवीस वर्षं बाकी आहेत.

निर्णय घ्यायचाय तर आधी एक आकडेमोड समोर ठेवू. समजा ४० लाख बाकी आहेत, २० वर्षं उरलीत, दर ७ टक्के. हप्ता बसतो ३१,०१२ रुपये. आता दर ८ टक्के झाला, फक्त एक टक्का.

पहिला रस्ता, मुदत २४० महिनेच ठेवायची. हप्ता होतो ३३,४५८, म्हणजे महिन्याला २,४४६ जास्त. दुसरा रस्ता, हप्ता ३१,०१२ च ठेवायचा. मग लोन संपायला २९६ महिने लागतात, म्हणजे ५६ महिने जास्त, साडेचार वर्षांच्या वर. आजपासून शेवटपर्यंतचं एकूण व्याज पहिल्या रस्त्यात सुमारे ४०.३ लाख, दुसऱ्यात सुमारे ५१.७ लाख. फरक साडेअकरा लाखांच्या आसपास.

एका टक्क्याने एवढं कसं काय होतं ते हप्त्याच्या पोटात डोकावलं की लगेच कळतं. ७ टक्क्याला पहिल्या महिन्याचं व्याज २३,३३३, म्हणजे ३१,०१२ मधून मुद्दलात जात होते ७,६७९. ८ टक्के झाल्यावर त्याच ४० लाखांवर व्याज २६,६६७, मुद्दलाला उरले ४,३४५. हप्ता एक रुपयाने बदलला नाही पण कर्ज फेडणारा भाग जवळजवळ निम्म्यावर आला. वर्षं ताणली जातात ती इथे.

आणि हे सरळ रेषेत वाढत नाही, हाच सगळ्यात फसवा भाग आहे. तेच ४० लाख, तीच २० वर्षं, वेगवेगळ्या दरांना बघा:

| दर | मुदत तीच ठेवली तर हप्ता | हप्ता ३१,०१२ ठेवला तर मुदत |
|---|---|---|
| ७% | ३१,०१२ | २० वर्षं |
| ७.५% | ३२,२२४ | २२ वर्षं |
| ८% | ३३,४५८ | २४ वर्षं ८ महिने |
| ८.५% | ३४,७१३ | २८ वर्षं ११ महिने |
| ९% | ३५,९८९ | ३८ वर्षं २ महिने |
| ९.५% | ३७,२८५ | कधीच संपत नाही |

मधला कॉलम शांतपणे वर जातो, दर अर्ध्या टक्क्याला बाराशे-तेराशे रुपये. उजवीकडचा आधी दोन वर्षं, मग अडीच-पावणेतीन, मग चार, मग एकदम नऊ वर्षं अशा उड्या मारतो. साडेनऊला तर महिन्याचं नुसतं व्याजच ३१,६६७ होतं, हप्त्यापेक्षा जास्त, म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढत जाणार. आता कोणी म्हणेल सातवरून साडेनऊ कोण नेतंय, तर मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या वर्षभराच्या आतल्या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो रेट ४ वरून ६.५ टक्के केला, बरोबर अडीच टक्के. ज्यांचं लोन रेपोशी जोडलेलं होतं आणि नुकतंच सुरू झालेलं होतं त्यांना हा उजवा कॉलम चांगलाच दिसला.

बँक अर्थात ३८ वर्षं देत नाही. कर्जदाराचं वय आणि बँकेची कमाल मुदत इथे मुदतवाढ अडते आणि तिथून पुढे हप्ता वाढवावाच लागतो. शिवाय ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मुदत वाढवून अशी अवस्था होऊ द्यायची नाही की हप्त्यातून व्याजही निघत नाही. म्हणजे 'मुदत वाढू दे, हप्त्याला हात लावू नका' हा पर्याय वाटतो तेवढा कायमचा नाहीये, दोन-तीन वाढी आल्या की तोच संपतो, आणि तोपर्यंत तुम्ही वर्षंही वाढवून बसलेले असता. बाकी त्याच नियमात हेही आहे की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे कर्जदाराला निवडता आलं पाहिजे. बँक आपणहून मुदत वाढवून मोकळी झाली असेल तरी तुम्ही जाऊन बदलून मागू शकता.

आता दुसरी केस, कारण वरचं वाचून सगळेच घाबरून हप्ता वाढवायला धावतील आणि सगळ्यांना त्याची गरज नाही. तेच लोन, पण १२ वर्षं फेडून झालीत (सोयीसाठी धरू की दर तोवर ७ च होता), ८ वर्षं उरलीत. बाकी आहे साधारण २२ लाख ७५ हजार. इथे दर ८ झाला तर हप्ता ३१,०१२ वरून ३२,१५६ होतो, जेमतेम साडेअकराशे जास्त. आणि हप्ता तोच ठेवला तर ९६ च्या जागी १०१ हप्ते. पाच महिने! तोच एक टक्का, तोच हप्ता, एकीकडे ५६ महिने आणि एकीकडे ५.

कारण पुन्हा तेच, पोटातला वाटा. सुरुवातीला हप्त्यातले ७५ टक्के व्याजात जात होते म्हणून दर हलला की मुद्दलाचा छोटासा वाटा चिरडला जातो. आठ वर्षं उरली असताना व्याज असतं १३,२६९ च्या आसपास, म्हणजे ४३ टक्के, मुद्दलाकडे भरपूर जाड भाग असतो, त्यातून हजार-दोन हजार गेले तरी फार बिघडत नाही. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न 'दर किती वाढला' हा नाहीच, पहिला प्रश्न 'माझ्या हप्त्यात आज व्याज किती' हा आहे. निम्म्याहून कमी असेल तर मुदत वाढू द्या, खुशाल, फार विचार करू नका. पाऊण किंवा त्याहून जास्त असेल तर मुदत वाढू देणं महागात पडतं.

मधला पर्याय लोक विचारातच घेत नाहीत आणि मला तोच सगळ्यात कामाचा वाटतो. पहिल्याच केसमध्ये २,४४६ वाढवणं जमत नाहीये असं समजा, तर निम्मेच वाढवा. हप्ता ३२,२०० केला, म्हणजे साधारण १,१९० जास्त, तर मुदत २९६ वरून २६५-६६ महिन्यांवर येते. निम्म्या पैशात ५६ पैकी तीसेक महिने परत मिळाले, कारण पहिले हजार रुपये सगळ्यात जास्त काम करतात, वरचा कॉलम ज्या कारणाने उड्या मारतो त्याच कारणाने तो उलट्या दिशेनेही उड्या मारतो. आणि हाताशी एकरकमी पैसे असतील तर साधारण २ लाख ९२ हजार भरले की हप्ताही ३१,०१२ च आणि मुदतही २४० च राहते. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग होम लोनला आधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही, फक्त भरताना लेखी सांगा की हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा, नाहीतर काही ठिकाणी उलटं करून ठेवतात.

साडेअकरा लाखांचा फरक ऐकून मात्र लगेच 'तोटा' म्हणू नका, ते थोडं भडक आहे. जादा पैसे बऱ्याच वर्षांनी, शेवटच्या ५६ महिन्यांत जातात आणि तोवर २,४४६ दरमहा तुमच्याकडेच असतात. ते लोनमध्ये टाकले तर ८ टक्के वाचतात, नक्की. मग प्रश्न एवढाच की बाहेर टॅक्स कापून ८ च्या वर मिळतात का. एफडीत नाही मिळत. लांबच्या एसआयपीत मिळतीलही, पण ती एसआयपी खरंच सुरू होणार असेल तरच, नाहीतर ते पैसे महिन्याच्या खर्चात विरघळतात आणि वर्षं तेवढी वाढलेली राहतात. क्रेडिट कार्डची बाकी किंवा पर्सनल लोन असेल तर वाद नाही, आधी ते संपवा आणि होम लोनची मुदत वाढू द्या, तिथला दर कितीतरी जास्त असतो. घरात एकच पगार आहे आणि बाजूला तीन-चार महिन्यांचाही खर्च नाही, अशा वेळीही मी हप्ता वाढवायला सांगणार नाही. वाढवलेला हप्ता चुकला तर दंडही लागतो आणि क्रेडिट स्कोअरही घसरतो. वाढलेली मुदत नंतर जास्तीचे पैसे भरून कमी करता येते. आणि निवृत्ती मुदतीच्या आत येत असेल तर मात्र उलट, पगार चालू आहे तोवरच हप्ता वाढवा.

स्वतःच्या आकड्यांवर बघायला बँकेत जायची गरज नाही, कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये दोन ओळी पुरतात. पहिली नवा हप्ता सांगते, दुसरी हप्ता तोच ठेवला तर किती महिने लागतील ते:

```
=PMT(8%/12,240,-4000000)
=NPER(8%/12,-31012,4000000)
```

४० लाखाच्या जागी आजची बाकी टाका, मूळ लोनची रक्कम नाही, आणि २४० च्या जागी उरलेले महिने. दुसऱ्या ओळीत हप्त्यापुढचं वजा चिन्ह विसरलात तर उत्तर भलतंच येतं. आणि सगळं बरोबर टाकूनही `#NUM!` आलं तर शीट बिघडलेली नाही, तुमचा हप्ता व्याजालाच पुरत नाहीये. एकदा चालू दर टाकून बघा आणि एकदा त्यात अजून एक टक्का घालून बघा. दुसऱ्या वेळी मुदत एकदम फुगली तर तुम्ही त्या उड्या मारणाऱ्या कॉलमच्या खालच्या भागात आहात, आत्ताच थोडा हप्ता वाढवलेला बरा.

आलेलं उत्तर बँकेच्या तिमाही स्टेटमेंटशी जुळवा, त्यात आतापर्यंत गेलेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि दर असतात. एक-दोन महिन्यांचा फरक चालतो, मधल्या तारखांमुळे येतो. वर्षाचा फरक दिसला तर बहुतेक मधली एखादी दरवाढ तुमच्या नजरेतून सुटलेली असते, तेव्हा लोन खात्याचा दर कधी कधी बदलला त्याची यादी मागून घ्या.

हप्ता वाढवायचं ठरलं तर अर्ज देताना ऑटो-डेबिटच्या मँडेटवरची कमाल रक्कमही बघून घ्या. ती नव्या हप्त्यापेक्षा कमी असेल तर आधी नवं मँडेट करा आणि ते चालू झाल्याचं कळल्यावरच नवा हप्ता लागू करायला सांगा, नाहीतर खात्यात पैसे असूनही हप्ता बाउन्स होतो.