‘असे तिला वाटले’ ठेवावे की गाळावे?

कथेत पात्राच्या मनातला विचार सांगणाऱ्या दोन मांडण्या पाहा. पहिली: ‘फेरीबोट चुकली, आता आईला काय सांगावे, असे शेवंतेला वाटले.’ दुसरी: ‘शेवंता रायबंदरच्या धक्क्यावर थबकली. गेलीच की फेरीबोट! आता चोडणला आईला ती काय सांगणार होती?’

पहिलीत ‘असे वाटले’मुळे विचार कोणाचा हे निश्चित होते, पण निवेदक मध्ये उभा राहतो. दुसरीत ‘ती’ आणि ‘होती’ निवेदकाचे, तर ‘गेलीच की’, ‘आता’ आणि प्रश्नातली घालमेल शेवंतेची. ‘ती’च्या जागी ‘मी’ आणि ‘होती’च्या जागी ‘आहे’ घातल्यास तो थेट स्वगत विचार होतो. मला दुसरी अधिक जिवंत वाटते. मात्र धक्क्यावर आणखी एक स्त्री असेल, तर ‘ती’ कोण हे आधीच्या वाक्याने ठरवलेले असावे लागते.