आधी सूर की आधी सफाई?

बोलून टाइप केलेल्या मेसेजमध्ये आधी सूर बदलावा, की आधी विरामचिन्हांची सफाई करावी? असा एक मेसेज उमटला: ‘बिल तपासलं नाही पाठवलं तरी चालेल’. म्हणायचं होतं: ‘बिल तपासलं. नाही पाठवलं तरी चालेल.’

आधी सूर नम्र केला, तर होतं असं: ‘बिल तपासलेले नाही, तरी पाठवण्यास हरकत नाही.’ अर्थ पूर्ण उलटला आणि वाक्य इतकं नेटकं झालं, की चूक आता कुणाला दिसणारही नाही.

आधी सफाई केली, तर मोठ्याने वाचून श्वास थांबतो तिथे पूर्णविराम पडतो आणि ‘नाही’ कुणाचं ते ठरतं. हे लगेच करावं. तासाभराने आपलाच विराम आठवेलच असं नाही. मग ‘बिल तपासले आहे. पाठवले नाही तरी चालेल’ असा सूर बिनधोक बदलता येतो.

‘हो, येतो’ एवढंच असेल, तर क्रम कुठलाही चालेल.