गर्भपिशवीच्या टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स: पूर्ण घेतल्यानंतरचा माझा अनुभव

कोर्स संपून आता दोन महिने झाले. माझं वय 29, लग्नाला चार वर्षं, मूल होत नव्हतं. सुरुवातीलाच सांगते, गोळ्या घेणं हा यातला सोपा भाग निघाला. हा आजार आहे हे नक्की करायलाच मला अकरा महिने लागले. म्हणून निम्मं लिखाण गोळ्यांआधीच्या काळाबद्दल आहे.

पाळी पूर्वी चार दिवस यायची, मग ती हळूहळू दीड दिवसावर आली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर डाग सुद्धा नाही. आई म्हणायची, "बरंच की, त्रास कमी." ओटीपोटात उजवीकडे मंद दुखायचं, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी वाढायचं. ताप नाही, खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ. वजन मात्र 49 वरून 46 झालं होतं आणि आम्ही ते टेन्शनवर ढकललं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, नवऱ्याचा रिपोर्ट, सगळं नॉर्मल. सोनोग्राफीत उजव्या नळीत पाणी दिसलं आणि पाळीच्या मध्यावरही पिशवीचं अस्तर फक्त 5 मिलिमीटर.

पहिल्या दवाखान्यात "इन्फेक्शन आहे" म्हणून दोनदा अँटिबायोटिक्स झाली. मग नळ्यांत रंग सोडून एक्स-रे काढला. दोन्ही नळ्या बंद, उजवी गाठीगाठीची. त्यानंतर आठ दिवस मला ताप आणि पोटदुखी. टीबीचा संशय असेल तर हा एक्स-रे टाळतात, कारण दबलेला आजार त्याने उसळू शकतो, हे मला नंतर कळलं. त्या वेळी तो संशय कोणाच्या मनात नव्हता, त्यामुळे मी कोणाला दोष देत नाही. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढला आणि सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला तो चालतो, पण जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीला, म्हणजे कल्चरला, निरुपयोगी. रिपोर्ट आला "साधी सूज". वेदना सोसली, पैसे गेले आणि हातात काही नाही.

दुसऱ्या डॉक्टर सरकारी मेडिकल कॉलेजातल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लहानपणी छातीत पाणी झालं होतं का गं?" झालं होतं, तेरा वर्षांची असताना. सुईने पाणी काढलं होतं. गोळ्या पूर्ण घेतल्या असं आई सांगते, पण कागद एकही नाही. मॅडम म्हणाल्या, हा टीबी बहुतेक वेळा थेट तिथे होत नाही. फुप्फुसातून रक्तावाटे तो आधी नळ्यांत जाऊन बसतो, मग तिथून खाली पिशवीत उतरतो. छातीचा आजार कधीच शांत झालेला असतो, म्हणून एक्स-रे स्वच्छ येतो.

मग तपासणी पुन्हा, पण या वेळी वेळ ठरवून. अस्तराचा नमुना पाळी यायच्या चार-पाच दिवस आधी घेतला. टीबीचे दाणे अस्तरात तयार होतात आणि पाळीबरोबर ते अस्तरच झडून जातं. पाळी संपल्या संपल्या नमुना घेतला, तर गाठायचं तेच हातातून गेलेलं असतं. नमुन्याचे दोन भाग केले: एक फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा साध्या सलाइनमध्ये. दुसऱ्याचं सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए यंत्रात शोधणारी चाचणी, आणि कल्चर. सीबीनॅटचं उत्तर त्याच दिवशी मिळतं, कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं.

सीबीनॅट निगेटिव्ह आलं. मी खूश. मॅडम नव्हत्या. या जागी जंतू इतके थोडे असतात की निगेटिव्ह आलं म्हणजे आजार नाही, असं धरता येत नाही. त्याच आठवड्यात एका बाहेरच्या लॅबमधून मी स्वतःहून पीसीआर करून घेतली होती, ती पॉझिटिव्ह. (हे मॅडमना न सांगता केलं, त्याबद्दल बोलणी खाल्ली.) त्यावरही त्यांनी गोळ्या सुरू केल्या नाहीत. नुसत्या पीसीआरवर औषध सुरू करू नये, ती मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांवर किंवा लॅबमधल्या भेसळीवरही पॉझिटिव्ह येते. हातावरची सुई आणि रक्ताची टीबी चाचणी यांवरूनही आत्ता आजार चालू आहे की नाही ते कळत नाही. आपल्याकडे कितीतरी लोकांच्या अंगात जंतू झोपलेला असतो आणि त्यांची ती चाचणी पॉझिटिव्हच येते. माझ्या चुलतनणंदेला एवढ्याच भांडवलावर नऊ महिने गोळ्या दिल्या होत्या. तिला टीबी होता की नाही, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

मग दुर्बिणीचं ऑपरेशन. बेंबीतून दुर्बीण घालून पोट पाहिलं. शुद्धीवर आल्यावर मॅडमनी फोटो दाखवले. दोन्ही नळ्या मण्यांच्या माळेसारख्या फुगलेल्या, उजवीचं टोक बंद होऊन पाण्याने भरलेलं. पोटाच्या आतल्या पडद्यावर मोहरीएवढे पांढरे ठिपके. यकृताच्या वर ताणलेले दोरे, चिकटून बसलेले. त्याच वेळी पिशवीतही दुर्बीण घातली तर अस्तर फिकट आणि डाव्या कोपऱ्यात पातळ पडदे. पोटातल्या ठिपक्यांचा तुकडा घेतला, पुन्हा दोन बाटल्या. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीची ठरावीक गाठ दिसली, मधोमध चीजसारखा मेलेला भाग. सीबीनॅट या वेळी पॉझिटिव्ह आणि रिफाम्पिसिन औषध लागू पडणार असल्याची खात्री. पाचव्या आठवड्यात कल्चरही वाढलं, आयसोनियाझिडही लागू. लहानपणी गोळ्या घेतलेल्या असल्यामुळे हे शेवटचं उत्तर माझ्यासाठी फार महत्त्वाचं होतं. मूळचा जंतू औषधाला न जुमानणारा असता तर सहा महिने वाया गेले असते.

आता गोळ्या. सरकारी केंद्रात निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवलं, एचआयव्ही आणि साखर तपासली, यकृताची रक्ततपासणी केली. औषध फुकट. वजनावर गोळ्या ठरतात. मी 46 किलोची, म्हणजे 35 ते 49च्या गटातली, म्हणून रोज तीन. पहिले दोन महिने एकाच गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीनच. त्यांतून पायराझिनामाइड गेलेलं असतं. सोबत रोज एक बी-6ची गोळी, नाहीतर आयसोनियाझिडमुळे पायांना मुंग्या येतात.

सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या. पहिले दहा दिवस मळमळ, दुपारपर्यंत चहाचा वाससुद्धा नको. मी रात्री झोपताना घ्याव्यात का असं विचारलं, तर आधी थोडं खाऊन घे, पण वेळ चुकवू नको, असं उत्तर आलं. लघवी पहिल्याच दिवशी केशरी झाली. सांगितलेलं असूनही दचकले. ते रिफाम्पिसिनमुळे होतं, निरुपद्रवी आहे. याच औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. कोर्स होईपर्यंत दिवस राहू नयेत असं ठरलं होतं, म्हणून आम्ही निरोध वापरला. मूल व्हावं म्हणून औषध घ्यायचं आणि तेही मूल होऊ न देता, यावर आम्ही दोघं एकदा खूप हसलो होतो.

दुसऱ्या महिन्यात टाचा आणि बोटांची पेरं दुखायला लागली. हे पायराझिनामाइडमुळे, युरिक अॅसिड वाढतं. तिसऱ्या महिन्यात ते औषध गेलं आणि दुखणंही गेलं. पाचव्या आठवड्यात यकृताचा एक आकडा 86 आला, लॅबची मर्यादा 40. मी घाबरून गोळ्या थांबवायच्या बेतात होते. पण त्रास काहीच नसेल तर आकडा पाचपट होईपर्यंत औषध चालू ठेवतात. उलट्या किंवा कावीळ असेल तर मात्र तिपटीलाच थांबवतात, असं केंद्रातल्या डॉक्टरांनी समजावलं. दोन आठवड्यांनी 52 आला. डोळ्यांचं तेवढं आठवणीने तपासत होते: एथाम्ब्युटॉलमुळे लाल-हिरवा रंग ओळखताना गडबड होऊ लागली तर त्याच दिवशी सांगायचं असतं. मी रोज भाजीच्या टोपलीतले टोमॅटो आणि मिरच्या बघायचे.

तक्रारी दोन. एकदा केंद्रात गोळ्यांचा साठा कमी असल्याने आठवड्याऐवजी दोनच दिवसांच्या मिळाल्या आणि मला चार खेपा पडल्या. पोषणाहाराचे महिना हजार रुपये मिळतात, ते उशिरा आले. दुसरी तक्रार घरची. सासूबाईंनी माझं ताट-वाटी वेगळी केली. आशाताईंनी घरी येऊन सांगितलं की फुप्फुसात आजार नसेल तर हा टीबी खोकल्यातून पसरत नाही, ताटातून तर नाहीच. त्याने फरक पडला. घरातल्या सगळ्यांची छाती मात्र तपासली, ते योग्यच होतं.

फरक काय पडला? पोटदुखी तिसऱ्या महिन्यात थांबली ती थांबलीच. वजन 49. पाळी अडीच दिवसांची झाली, पूर्वीसारखी चार दिवसांची नाही. कोर्स संपल्यावर पिशवीत पुन्हा दुर्बीण घालून डाव्या कोपऱ्यातले पडदे कापले. अस्तर आता 6.5 मिलिमीटरपर्यंत येतं. नळ्या मात्र उघडल्या नाहीत आणि उघडणारही नाहीत. औषध जंतू मारतं, जखमेचा व्रण पुसत नाही. अशा नळ्यांवर ऑपरेशन करून त्या मोकळ्या करण्याचा नाद करू नये, गर्भ नळीतच अडकण्याचा धोका वाढतो, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. रस्ता आयव्हीएफचाच. त्याआधी उजव्या नळीला क्लिप लावायची आहे, कारण तिच्यातलं पाणी पिशवीत झिरपलं तर गर्भ रुजण्याची शक्यता कमी होते. अस्तर याहून खराब असतं तर आयव्हीएफचाही उपयोग झाला नसता. त्या मानाने माझं नशीब बरं.

आता शेवटची एक भानगड. आयव्हीएफ केंद्राने "टीबी गेला का बघू" म्हणून अस्तराची पीसीआर पुन्हा सांगितली. मेलेल्या जंतूंवर ती पुढेही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग पुन्हा गोळ्यांचा फेरा सुरू. मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली: कोर्स पूर्ण, दुखणं नाही, सोनोग्राफीत नवी गाठ नाही, पीसीआरची गरज नाही. केंद्राने ती मान्य केली. क्लिपची तारीख पुढच्या महिन्याची आहे.